जो–तो, ‘-लेला’ की ‘तरी’: तुटक वाक्यं जोडताना काय निवडावं?

लातूर-बीडकडे पीकनुकसानीचे अर्ज पुष्कळदा या धर्तीवर लिहिलेले असतात:

“माझे शेत ओढ्याकाठी आहे. शेतात सोयाबीन होते. सप्टेंबरमध्ये अतिवृष्टी झाली. ओढ्याला पूर आला. सोयाबीन पाण्याखाली गेले. मी विमा भरला होता. मला भरपाई मिळाली नाही.”

व्याकरणाची चूक एकही नाही. पण सातही वाक्यांचं वजन सारखंच, त्यामुळे तक्रार नेमकी कोणती हे वाचणाऱ्या साहेबालाच शोधावं लागतं.

पहिला हात जातो जो–तो कडे: “माझे जे शेत ओढ्याकाठी आहे, त्यात जे सोयाबीन होते, ते पाण्याखाली गेले.” दुसऱ्या ‘जे’लाच वाक्य अडखळतं. शिवाय अर्थही सरकला. ‘जे शेत ओढ्याकाठी आहे’ म्हटलं की दुसरीकडेही शेत असावं असं वाटतं, कारण जो–तो अनेकांतून एक निवडून दाखवतो. निवड करायची असेल तिथे मात्र त्याला तोड नाही: “ज्यांनी विमा भरला होता, त्यांनाच भरपाई मिळाली.” इथे काळही शाबूत राहतो. ‘विमा भरणारे शेतकरी’ यात त्यांनी भरला, भरतात की भरणार आहेत, हे कळत नाही.

नुसतं वर्णन करायचं असेल तर ‘-लेला’, ‘-णारा’ किंवा साधा ‘-चा’ बरा. ‘ओढ्याकाठच्या माझ्या शेतातले सोयाबीन’ एवढ्यात दोन वाक्यं मिटतात. फक्त नामाआधी अशी दोन विशेषणं पुरेत, तिसऱ्याला वाचणारा नाम विसरतो.

‘-ऊन’ सगळ्यात सोपा वाटतो आणि फसवतोही तोच. “मी अर्ज देऊन तलाठ्यांनी पंचनामा केला” हे कानाला लगेच खटकतं, कारण देणारा एक, करणारा दुसरा. तिथे ‘दिल्यावर’ हवं. “पूर येऊन पीक गेलं” मात्र चालतं. तिथे कुणी मुद्दाम काही करत नाही, एकातून दुसरं घडतं.

या तिन्हींना एक गोष्ट जमत नाही: दोन वाक्यांतला विरोध उघड सांगणं. विमा भरला आणि भरपाई मिळाली नाही, असं ‘आणि’ने जोडलं तर ती नुसती माहिती होते. ‘तरी’ने जोडलं की तक्रार होते. म्हणून मी अर्ज असा लिहीन:

“सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीने ओढ्याला पूर येऊन काठच्या माझ्या शेतातले सोयाबीन पाण्याखाली गेले. मी विमा भरला होता, तरी मला भरपाई मिळाली नाही.”

या दोन वाक्यांचं एक करायचा मोह होईल. करू नका. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि ‘मिळाली नाही’पर्यंत पोचेस्तोवर साहेबाची नजर पुढच्या अर्जावर गेलेली असते.