आत्याच्या फोनवर अक्षर मोठं करताना: फॉन्ट, डिस्प्ले की बोल्ड?

दिवाळीनंतर आठवड्याभरात सांगलीहून आत्याचा फोन आला. "अरे, अक्षर मोठं केलंस ते बरं झालं, पण पैसे पाठवायचं बटणच कुठं गेलं की रे!"

दिवाळीत मी तिच्या फोनवर अक्षराच्या आकाराचा स्लायडर शेवटच्या टोकापर्यंत सरकवून आलो होतो. व्हॉट्सॲप झकास वाचता यायला लागलं म्हणून दोघंही खूश होतो. पण पैसे पाठवायच्या ॲपमध्ये रक्कम टाकली की खालून कीबोर्ड वर यायचा, आणि फुगलेल्या अक्षरांनी खाली ढकललेलं बटण त्याच्यामागे दडून जायचं. पान वर सरकवायची सोय त्या पडद्यावर नव्हतीच. शिल्लक पाहायला गेलं तर "₹1,24,…" इतकंच दिसे, पुढचे आकडे गायब.

घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी फोन लावून देताना आपण बहुतेक जण हेच करतो. सेटिंगमध्ये सापडलेला पहिला स्लायडर धरायचा आणि टोकाला न्यायचा. खरं तर अँड्रॉइडमध्ये या कामाच्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत: Font size, Display size आणि Bold text. तिन्हींनी वाचणं सोपं होतं, पण मोडतोड प्रत्येकीची निराळी. त्यामुळे कोणती किती वाढवायची, यावर सगळं अवलंबून आहे.

फॉन्ट आणि डिस्प्ले यांत नेमका फरक काय

अँड्रॉइडचं ॲप बनवणारा माणूस बटणं, चौकटी, मोकळी जागा यांची मापं dp या एककात देतो आणि अक्षरांची sp मध्ये. Font size वाढवलं की फक्त sp वाढतं. अक्षर फुगतं, पण त्याच्याभोवतीची चौकट आहे तेवढीच राहते. चौकट लवचीक ठेवली असेल तर ती अक्षराबरोबर वाढते. बटणाची उंची ठरावीक dp मध्ये बांधून टाकली असेल, तर मजकूर कापला जातो किंवा शेवटी तीन टिंबं येतात.

Display size वाढवलं की दोन्ही एककं एकत्र वाढतात. अक्षर, बटण, चित्र, मधली जागा, सगळं एकाच प्रमाणात. त्यामुळे अक्षर चौकटीबाहेर जाण्याचं कारणच उरत नाही. किंमत मोजावी लागते ती जागेची, कारण ॲपला वाटतं आपण लहान फोनवर आहोत. पण लहान फोन ही ॲप बनवणाऱ्याच्या ओळखीची गोष्ट आहे. दुप्पट अक्षर लावून स्वतःचं ॲप पाहणारे थोडे, लहान पडद्यावर पाहणारे पुष्कळ. म्हणून माझं मत असं की आधी डिस्प्ले वाढवावा आणि मग फॉन्ट. बहुतेक घरांत हे उलटं होतं.

आत्याच्या फोनवर याचा हिशेब असा बसला. पडदा 1080 पिक्सेल रुंद, आणि मूळ सेटिंगवर ॲपच्या दृष्टीने 411 dp. Display size एक पायरी वाढवली की ही रुंदी सुमारे 375 होते, दुसऱ्या पायरीला 345 आणि शेवटच्या पायरीला 320. स्लायडर तिथेच थांबतो, कारण त्याहून अरुंद पडदा अँड्रॉइड या स्लायडरने होऊ देत नाही. 360 dp रुंदीचे फोन आपल्याकडे भरपूर आहेत, म्हणून 375 पर्यंतची वाढ जवळजवळ फुकटात मिळते. 345 ला काही ॲपमध्ये गर्दी होते, पण काम अडत नाही. 320 ला मात्र खालच्या पट्टीतली नावं एकमेकांना खेटायला लागतात.

तुमच्या फोनचा आकडा Developer options मधल्या Smallest width या ओळीत दिसतो. About phone मधल्या Build number वर सात वेळा टिचकी मारली की हा विभाग उघडतो. आकडा पाहून झाला की तो आठवणीने बंद करा. काही बँकांची ॲप तो चालू दिसला की उघडायलाच नकार देतात, आणि मग ते निस्तरायला पुन्हा तुम्हालाच गावी जावं लागतं.

फॉन्ट कुठपर्यंत न्यावा

अँड्रॉइड 13 पर्यंत मूळ प्रणालीत अक्षर जास्तीत जास्त 130 टक्के करता यायचं. 2023 च्या अँड्रॉइड 14 ने ती मर्यादा 200 टक्क्यांवर नेली. त्यात एक चांगली गोष्ट अशी की सगळी अक्षरं सरसकट दुप्पट होत नाहीत. बारीक मजकूर पुरेपूर वाढतो आणि आधीच मोठं असलेलं शीर्षक कमी वाढतं. तरीही 200 टक्क्यांना ॲप मोडतात ती याच बारीक मजकुरामुळे. बटणावरचं नाव, रकमेखालची सूचना, ओटीपीचे रकाने, हे सगळं बारीक मजकुरातच मोडतं.

मराठीत फोन वापरणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. इंग्रजी अक्षरापेक्षा देवनागरीला वर-खाली जास्त उंची लागते. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार. ठरावीक उंचीच्या चौकटीत आधी कापले जातात ते हेच. "पुढे"चा उकार गेला की बटणावर "पढे" राहतं. म्हणून इंग्रजीत ठीक दिसलेलं सेटिंग मराठीत ठीक असेलच असं नाही. ज्या भाषेत आत्या फोन वापरते त्याच भाषेत तपासायचं.

बोल्ड: कोणाला उपयोगी

Bold text अँड्रॉइड 12 पासून मूळ प्रणालीत आहे. त्याने अक्षराची जाडी 300 ने वाढते, म्हणजे 400 जाडीचं साधं अक्षर 700 चं ठळक होतं. उंची तेवढीच राहत असल्याने उकार कापले जात नाहीत. रुंदी थोडी वाढते, त्यामुळे एखादा शब्द खालच्या ओळीवर जातो, इतकंच.

ते कोणाला द्यायचं, याची माझी एक घरगुती परीक्षा आहे. माणूस वाचताना फोन लांब धरत असेल तर त्याला आकार हवा आहे. फोन घेऊन खिडकीपाशी किंवा दिव्याखाली जात असेल तर त्याला अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक हवा आहे, आणि तिथे जाडी जास्त कामाला येते. आत्याला मोतीबिंदूची सुरुवात आहे. करड्या रंगातली बारीक अक्षरं तिला आकार वाढवूनही पुसटच दिसत होती, ती बोल्डने सुधारली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाण्याला हा पर्याय नाही, हे वेगळं सांगायला नको.

बोल्डचे तोटे दोन. आधीपासून ठळक असलेलं अक्षर फार आणखी ठळक होऊ शकत नाही, त्यामुळे साधं आणि ठळक यांतला फरक पुसला जातो. जीमेलमध्ये न वाचलेली पत्रं ठळक दिसतात, ती ओळखणं अवघड होतं. दुसरा तोटा जोडाक्षरांचा: "क्ष", "द्ध", "ष्ट" यांच्या आतल्या फटी बारीक आकारात बुजतात. म्हणून अक्षर लहान ठेवून नुसतं बोल्ड करण्यात अर्थ नाही.

दोन मांडण्या, एकच फोन

मागच्या खेपेला मी आत्याच्या शेजारी बसून दोन्ही मांडण्या ताडून पाहिल्या. पहिली माझी दिवाळीतली: फॉन्ट 200 टक्के, डिस्प्ले मूळ, बोल्ड बंद. दुसरी: डिस्प्ले दोन पायऱ्या वर, फॉन्ट 130 टक्के, बोल्ड चालू. डिस्प्लेची वाढ साधारण 1.19 पट आणि फॉन्टची 1.3 पट, म्हणजे बारीक मजकूर मिळून दीडपटीच्या थोडा वर गेला. दुप्पट नाही. पण आत्याने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "हेच बरं दिसतंय, ते आधीचं नुसतं अंगावर यायचं."

तपासायला आम्ही घरचेच पडदे घेतले: एक रुपया मला पाठवणं, ओटीपी भरणं, गॅस सिलिंडरची नोंदणी आणि फोन आल्यावर उचलणं. पहिल्या मांडणीत यातले दोन पडदे अडले होते. दुसरीत पैसे पाठवायचं बटण दिसलं, पण अर्धंच. डिस्प्लेबरोबर कीबोर्डही मोठा होतो आणि उंची खातो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये Preferences खाली Keyboard height आहे, ती एक पायरी कमी केल्यावर बटण पूर्ण वर आलं.

गॅसच्या ॲपने दिवाळीत फॉन्ट कितीही वाढवला तरी ढिम्म हललं नव्हतं. काही ॲप अक्षरांचं मापही dp मध्येच बांधतात किंवा फोनचं फॉन्ट सेटिंग मुद्दाम धुडकावतात. तिथे फॉन्टचा स्लायडर निरुपयोगी असतो, डिस्प्लेचा मात्र लागू पडतो. ते ॲप या वेळी पहिल्यांदा मोठं दिसलं.

सॅमसंगच्या फोनवर याच गोष्टी Screen zoom आणि Font size and style या नावांनी सापडतात, आणि दुसरीतच Bold font चं बटण आहे. तिथला Easy mode मुख्य पडद्यावरची चिन्हं मोठी करतो आणि बोट दाबून धरण्याचा वेळ वाढवतो. थरथरत्या हाताला ते चांगलं, पण ॲपच्या आतलं वाचायला वरचंच करावं लागतं.

आयफोन असेल तर

तिथे निर्णय सोपा आहे, कारण iOS 15 पासून प्रत्येक ॲपला वेगळा आकार देता येतो. Settings मध्ये Accessibility, त्यात Per-App Settings. सगळ्या फोनला मोठं अक्षर ठेवा आणि जे एक ॲप मोडतं तेवढ्यालाच लहान करा. Larger Text मधल्या Larger Accessibility Sizes ला हात लावताना मात्र जपून. साधं 17 पॉइंटचं अक्षर नेहमीच्या स्लायडरवर 23 पर्यंत जातं आणि या वाढीव पायऱ्यांवर 53 पर्यंत. तेवढ्याला फार थोडी ॲप नीट उभी राहतात.

अँड्रॉइडमध्ये अशी सोय मूळ प्रणालीत नाही, पण व्हॉट्सॲपचं स्वतःचं सेटिंग आहे: Settings, Chats, Font size, Large. त्याने निरोपांचं अक्षर वाढतं आणि बाकी फोन आहे तसा राहतो. आत्याचं निम्मं वाचन तिथेच असल्यामुळे फोनचा फॉन्ट 130 वर ठेवणं तिला चाललं. फॉरवर्ड होऊन आलेल्या चित्रांतल्या मजकुराला यातलं काहीच लागू होत नाही. तिथे दोन बोटांनी चित्र ताणणं हाच उपाय.

एक पडदा अजूनही अडतो. बँकेच्या खात्याच्या उताऱ्यात रकमेचे शेवटचे आकडे कापले जातात. त्यासाठी वरून ओढायच्या पट्टीत मी Font size चं चौकोनी बटण आणून ठेवलंय, अँड्रॉइड 14 मध्ये ते मिळतं. उतारा पाहायचा असला की आत्या तिथून अक्षर दोन पायऱ्या कमी करते, आकडे वहीत उतरवते आणि परत वाढवते. वहीतलं अक्षर मात्र तिचं पहिल्यापासूनच मोठं आहे.