मूत्रमार्गातील गोळी आणि क्रीम : आठ महिन्यांच्या वापरानंतर

प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत माझ्या नसांना इजा झाली आणि त्यानंतर शिश्नाला ताठरता येईना; त्यासाठी तोंडाने घेण्याच्या गोळ्यांचाही काहीच उपयोग होईना. त्या गोळ्यांना नसांकडून येणारा संदेश लागतो. मूत्रमार्गातील गोळी आणि क्रीम या दोन्हींत असलेले अ‍ॅल्प्रोस्टाडिल हे औषध मात्र शिश्नातील रक्तवाहिन्या थेट सैल करते. हेच औषध इंजेक्शनने अधिक खात्रीने काम करते, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, परंतु दर वेळी सुई टोचून घेण्याची माझ्या मनाची तयारी नव्हती.

मूत्रमार्गात सोडायची गोळी तांदळाच्या दाण्याहूनही बारीक असते आणि ती एका नळीतून सुमारे तीन सेंटिमीटर आत सोडावी लागते. पहिली मात्रा दवाखान्यातच दिली गेली, कारण या औषधाने रक्तदाब एकाएकी उतरून भोवळ येऊ शकते. पुढे घरी ५०० मायक्रोग्रॅमची गोळी दोनदा वापरली आणि दोन्ही वेळा जळजळीशिवाय हाती काही लागले नाही. चूक माझीच होती: आधी लघवीला गेलो नव्हतो आणि गोळी सोडून लगेच आडवा झालो होतो. लघवीनंतर मार्गात राहिलेल्या ओलाव्यातच ती विरघळते, तर उभे राहिल्याने किंवा चालल्याने तिकडचा रक्तप्रवाह वाढतो. तिसऱ्या वेळी लघवी करून गोळी सोडली, शिश्न दोन्ही तळव्यांमध्ये दहा सेकंद हलकेच घोळवले आणि खोलीत येरझाऱ्या घातल्या. दहाव्या मिनिटाला पुरेशी ताठरता आली व ती जवळपास अर्धा तास टिकली. बोथट दुखणे मात्र तेव्हाही होते आणि आजही थोडे होते. सुई नाही म्हणून त्रासच नाही, असे कोणी समजू नये.

चार महिन्यांनी ३०० मायक्रोग्रॅमच्या क्रीमकडे वळलो. त्यात आत काही घालावे लागत नाही. मूत्रमार्गाच्या तोंडावर थेंब ठेवून शिश्न अर्धा मिनिट सरळ उभे धरले की क्रीम आत उतरते. परिणाम पाच ते तीस मिनिटांत दिसतो, पण माझ्या बाबतीत ताठरता गोळीपेक्षा कमी भरली. पत्नीलाही जळजळ जाणवली, म्हणून आम्ही कंडोम वापरू लागलो. जोडीदार गरोदर असल्यास तर तो आवश्यकच आहे.

थोडीफार ताठरता मुळात येते, पण हृदयरोगासाठी नायट्रेट चालू असल्याने नेहमीच्या गोळ्या ज्यांना वर्ज्य आहेत, त्यांनी डॉक्टरांशी बोलताना क्रीमचा विषय अवश्य काढावा, असे मला वाटते. सिकलसेल किंवा रक्ताचा कर्करोग असणाऱ्यांना यापैकी काहीच चालत नाही, कारण त्यांच्यात ताठरता उतरेनाशी होण्याचा धोका मोठा असतो. इतर कोणाचीही ताठरता चार तासांनंतर कायम राहिली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मी स्वतः पुन्हा गोळीवर आलो आहे. तिचे पाकीट फ्रिजमध्ये ठेवतो आणि चोवीस तासांत दोनहून अधिक गोळ्या कधीही वापरत नाही.