पुणे, लंडन, न्यू जर्सी, सिडनी: मीटिंगच्या वेळा सुचवण्याची पद्धत, काही महिने वापरल्यानंतर

आमची टीम पुण्यात, टेस्टिंगचे दोघे लंडनला, क्लायंटची माणसं न्यू जर्सीत आणि गेल्या वर्षापासून सपोर्टची एक सहकारी सिडनीत. सगळ्यांना चालेल अशा वेळा शोधून कळवायचं काम माझ्याकडे आहे. त्यासाठी दोन गोष्टी वापरते: गूगल कॅलेंडरमधली जास्तीची घड्याळं आणि timeanddate.com वरचा मीटिंग प्लॅनर. दोन्ही फुकट आहेत. त्यांच्या जोडीला स्लॉट लिहून पाठवायची एक ठरलेली पद्धत. या तिन्हींबद्दल लिहिते आहे, पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त फरक तिसरीनेच पडला.

आधी कॅलेंडर. सेटिंग्जमध्ये `Display secondary time zone` वर टिक केली की दिवसाच्या डाव्या बाजूला तासांचा दुसरा रकाना येतो. मी तिथे न्यूयॉर्क ठेवलंय, कारण न्यू जर्सीचं घड्याळ तेच. त्याखाली `World clock` चालू करून लंडन आणि सिडनी टाकले. रोजच्या ‘आत्ता तिकडे किती वाजले’साठी एवढं पुरतं. चारही शहरं एकमेकांशेजारी बघायची असली की मीटिंग प्लॅनर उघडायचा. तारीख आणि शहरं दिली की तासागणिक तक्ता येतो, कामाचे तास हिरवे, झोपेचे लाल. महत्त्वाचं म्हणजे तो तारीख विचारतो. नुसता ‘लंडन आपल्या साडेपाच तास मागे’ असा आकडा डोक्यात ठेवून चालणारी माणसं मार्च आणि ऑक्टोबरमध्ये हमखास अडकतात.

हे सगळ्यात छळणारं प्रकरण असल्यामुळे नीट सांगते. भारताचं घड्याळ वर्षभर हलत नाही. अमेरिकेचं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातं, ब्रिटनचं मार्चच्या शेवटच्या रविवारी. २०२६ मध्ये या तारखा ८ मार्च आणि २९ मार्च. म्हणजे मधले तीन आठवडे न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये नेहमीच्या पाच तासांऐवजी चारच तासांचा फरक. न्यू जर्सीच्या सकाळी ९ ला ठेवलेली साप्ताहिक मीटिंग ७ मार्चपर्यंत पुण्यात संध्याकाळी साडेसातला आणि लंडनला दुपारी २ ला होती. ८ तारखेनंतर ती पुण्यात साडेसहाला आणि लंडनला १ वाजता आली. पुण्यात ती साडेसहालाच राहिली, लंडनला मात्र २९ नंतर परत २ वाजता. लंडनवाल्यांच्या जेवणाच्या वेळेत ती तीन आठवडे येऊन बसते, आणि तेवढ्यात कोणीतरी विचारतंच, ‘वेळ बदलली का?’ ऑक्टोबरात हाच प्रकार उलटा, पण एकच आठवडा: ब्रिटन २५ ऑक्टोबरला मागे येतं, अमेरिका १ नोव्हेंबरला.

म्हणून दर आठवड्याची मीटिंग ठेवताना पहिला प्रश्न हा, की ती कोणाच्या घड्याळाला बांधायची? पुण्यातून निमंत्रण पाठवलं तर कॅलेंडर ती पुण्याच्या वेळेला बांधतं आणि मार्चमध्ये क्लायंटची वेळ हलते. इव्हेंट बनवताना तारखेशेजारी `Time zone` वर क्लिक करून ते बदलता येतं. मी न्यूयॉर्क निवडते. संध्याकाळी एक तास इकडे-तिकडे झालेला आम्हाला चालतो, क्लायंटच्या सकाळच्या बैठकांची रांग लागलेली असते, त्यांना चालत नाही. हा निर्णय कोणी घेतला नाही तर तो आपोआप निमंत्रण पाठवणाऱ्याच्या बाजूने लागतो.

आता लिहिण्याबद्दल. आमच्याकडे आधी ‘मंगळवारी १० ईएसटी चालेल का?’ असे मेसेज फिरायचे. ईएसटी म्हणजे न्यूयॉर्कची हिवाळ्यातली वेळ. उन्हाळ्यात तिथे ते नसतंच, एक तास पुढचं ईडीटी असतं. पण तिथली माणसं बाराही महिने ईएसटी लिहितात. जुलैत कोणी ते अक्षरशः धरलं तर सकाळचे १० म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ, आणि लिहिणाऱ्याच्या मनात असतात साडेसात. आपलं आयएसटीही आयर्लंड आणि इस्रायलमध्ये वेगळ्या अर्थाने चालतं. त्यामुळे आता मी फक्त शहराचं नाव लिहिते, वार आणि तारखेसकट, प्रत्येकाची वेळ त्याच्या घड्याळाने. पाठवते इंग्रजीत, इथे मराठीत देते:

```
पर्याय अ: मंगळवार, १७ मार्च २०२६
  पुणे       संध्याकाळी ६:३०
  लंडन       दुपारी १:००
  न्यूयॉर्क   सकाळी ९:००
पर्याय आ: बुधवार, १८ मार्च २०२६
  पुणे       संध्याकाळी ७:३०
  लंडन       दुपारी २:००
  न्यूयॉर्क   सकाळी १०:००
उत्तर: फक्त ‘अ’ किंवा ‘आ’. सोमवारी पुण्याच्या दुपारी १२ पर्यंत.
```

उत्तरात अक्षर मागितल्याने ‘१० वाजता ठीक’ असली उत्तरं बंद झाली. त्यात कुणाचे १०, हे शोधण्यातच अर्धा दिवस जायचा. (गुरुवारी १९ तारखेला गुढीपाडवा आहे, म्हणून तो पर्याय मी ठेवला नाही. लंडनच्या कॅलेंडरला ते कसं कळणार? सणवार आपणच सांगायचे.)

तारीख सगळीकडे तीच नसेल तर ती प्रत्येक ओळीत लिहावी लागते. याच आठवड्यात कॅलिफोर्नियातल्या एका विक्रेत्याशी बोलायचं होतं. पुण्यात बुधवारी सकाळी साडेआठ म्हणजे तिकडे मंगळवारी रात्री ८. वर नुसतं ‘बुधवार’ लिहिलं असतं तर तो माणूस एक दिवस उशिरा आला असता. मध्यरात्रीच्या आसपासची वेळही मी टाळते. ‘मंगळवारी रात्री साडेबारा’ म्हणजे नक्की कोणता वार, यावर दोन माणसं कधी एकमत होत नाहीत.

सिडनीपुढे मात्र ही पद्धत हात टेकते. पुण्याच्या साडेसहाला तिथे मार्चच्या मध्यात रात्रीचे १२ वाजतात. तिच्या सोयीने पुण्यात दुपारी दीड धरलं तर तिकडे संध्याकाळचे ७, लंडनला सकाळचे ८, पण न्यू जर्सीत पहाटेचे ४. प्लॅनरच्या तक्त्यात चौघांनाही हिरवा असा एकही तास सापडत नाही, आणि असा तक्ता लोकांना दाखवून ‘कोण त्याग करणार’ विचारण्यात अर्थ नाही. आम्ही सरळ दोन मीटिंग केल्या: पुणे-लंडन-न्यू जर्सी संध्याकाळी, पुणे-सिडनी दुपारी, आणि पहिलीचं रेकॉर्डिंग तिला. दुसऱ्या मीटिंगलाही वर्षात दोनदा धक्का बसतो, कारण सिडनीचं घड्याळ एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे जातं. आपण उन्हाळ्यात शिरताना त्यांचा उन्हाळा संपतो.

‘माझ्या मोकळ्या वेळेतून निवडा’ छापाच्या बुकिंग लिंकही वापरून पाहिल्या. एकास एक बोलण्यासाठी छान. लिंक उघडणाऱ्याला त्याच्याच लॅपटॉपच्या वेळेनुसार स्लॉट दिसतात, भाषांतराची भानगड नाही. पण प्रवासात असलेल्या माणसाचा लॅपटॉप घरच्या वेळेवर राहिला तर तो चुकीचा तास निवडतो, म्हणून पानावर कोणता टाइम झोन लिहिलाय ते बघायला मी प्रत्येकाला सांगते. चार जणांच्या गटासाठी मात्र मेसेजच बरा.

अजून एक. पर्याय पाठवताना मी दोन्ही वेळा स्वतःच्या कॅलेंडरमध्ये ‘होल्ड’ म्हणून अडवते आणि एक पक्की झाली की दुसरी त्याच क्षणी काढते. ते राहून गेलं की आठवड्याभरात माझंच कॅलेंडर खोट्या मीटिंगनी भरतं आणि टीममधली मुलं विचारतात, ‘ताई, तुम्ही कधी मोकळ्या असता हो?’