सहभागींना पैसे द्यायचे ते कसे: खर्चापुरते, रोजाच्या हिशेबाने की शेवटी एकरकमी?

एक उदाहरण घेऊ. सहा महिन्यांच्या एका अभ्यासात शेतमजूर स्त्रियांना तीन वेळा उपाशीपोटी तालुक्याच्या रुग्णालयात बोलवायचे आहे. रक्त घ्यायचे, ग्लुकोज पाजायचे आणि दोन तासांनी पुन्हा रक्त घ्यायचे. प्रोटोकॉलमध्ये ‘सहभागींना मोबदला’ हा रकाना भरताना संशोधकापुढे मुख्यतः तीन मार्ग असतात.

पहिला मार्ग फक्त प्रत्यक्ष खर्च देण्याचा. समजा, एसटीचे जाण्या-येण्याचे ४० रुपये आणि नाश्त्याचे ४०. असा प्रस्ताव संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या एथिक्स कमिटीत सहसा अडत नाही, कारण ८० रुपयांच्या आमिषाने कोणी रक्त द्यायला येईल अशी भीती कुणालाच वाटत नाही. मात्र रुग्णालयात चारच तास जात असले, तरी मजुरांची टोळी सकाळीच शेतावर निघून गेलेली असते, त्यामुळे त्या बाईचा पूर्ण दिवसाचा खाडा होतो. मजुरी ३०० रुपये धरली तर संशोधनाचा खर्च तिच्या पदरचा होतो, आणि ज्यांना खाडा परवडत नाही त्या स्त्रिया अभ्यासाबाहेरच राहतात.

दुसरा मार्ग खर्चात वेळेचा मोबदला मिळवण्याचा. येथे तासांचा हिशेब फसवा ठरतो. चार तासांचे १५० रुपये कागदावर न्याय्य दिसतात, पण बुडालेला रोज ३०० चाच असतो. म्हणून दर भेटीला ३८० आणि तीन भेटींचे ११४० रुपये हा हिशेब मला योग्य वाटतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रवासखर्चाबरोबरच वेळ, गैरसोय आणि बुडालेली मजुरी यांसाठीही रोख वा वस्तुरूपाने मोबदला देता येतो. रक्कम सहभागीच्या सारासार विचारावर मात करील इतकी मोठी मात्र नसावी.

तिसरा मार्ग अभ्यास संपल्यावर एकरकमी देण्याचा. गळती कमी होते म्हणून संशोधकांना तो आवडतो, आणि रक्कम तीच ११४० असल्याने त्यात गैर काय, असेही विचारले जाते. समजा, दुसऱ्या भेटीनंतर एखादीला चक्कर येऊ लागली आणि तिला थांबावेसे वाटले. दुसऱ्या मार्गात तिच्या हाती ७६० रुपये आलेले असतात. तिसऱ्या मार्गात ती थांबली तर काहीच मिळत नाही. कोणत्याही क्षणी बाहेर पडण्याची संमतीपत्रात दिलेली मुभा अशा वेळी कागदावरच राहते. अनुचित प्रलोभन रकमेच्या आकड्यात शोधण्याची सवय आपल्याला आहे, पण ते बऱ्याचदा रक्कम केव्हा हाती पडते यात दडलेले असते. अमेरिकेची औषध नियामक संस्था असलेल्या एफडीएचीही अपेक्षा अशीच आहे की मोबदला अभ्यासाबरोबर टप्प्याटप्प्याने जमा व्हावा. पूर्ण करणाऱ्यांसाठी शेवटी छोटी जादा रक्कम ठेवायला हरकत नाही.

मग रक्कम जास्त झाली हे ओळखायचे कसे? माझी कसोटी अशी, की पैशांसाठी कोणी काही लपवील का? मधुमेहाची गोळी सुरू असलेल्यांना या अभ्यासात घ्यायचे नसेल आणि पैसे निवड झाल्यावरच मिळणार असतील, तर गोळी लपवण्याचे कारण आपणच निर्माण करतो. तपासणीत अपात्र ठरलेल्या स्त्रीलाही त्या दिवसाचे ३८० रुपये दिले, तर खरे सांगण्यात तिचे नुकसान उरत नाही. दुसरीकडे, धोका मोठा आहे म्हणून रक्कम वाढवणे हा उपाय नव्हे. मोबदला वेळेचा आणि गैरसोयीचा असतो, जोखमीचा नाही. अभ्यासामुळे इजा झाल्यास द्यावयाचे उपचार आणि नुकसानभरपाई ही बाब याहून पूर्ण वेगळी आहे. दोन्ही एकाच परिच्छेदात लिहिण्याची चूक वारंवार दिसते.

एथिक्स कमिटी रकमेखेरीज पैसे केव्हा, कोणत्या स्वरूपात आणि मध्येच थांबल्यास किती मिळणार, हेही पाहते. औषधचाचणी असेल तर २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार सहभागाच्या प्रमाणात मिळणारा मोबदला संमतीपत्रात नमूद करावा लागतो. तो ‘फायदे’ या शीर्षकाखाली लिहू नये, आणि माहितीपत्रकावर रक्कम ठळक अक्षरांत छापू नये. मुलांच्या अभ्यासात पालकांना प्रत्यक्ष खर्चापलीकडे काही देता येत नाही. बक्षिसाची सोडत स्वस्त पडते, पण दिवस सगळ्यांचाच बुडतो आणि पैसे एकीलाच मिळतात. मी तो मार्ग विचारातही घेणार नाही.

वरच्या अभ्यासासाठी मी तिन्हींतला दुसरा मार्गच निवडीन, आणि पैसे शक्यतो रोख, त्याच दिवशी, सही किंवा अंगठा घेऊन देईन. खात्यावर पाठवणे लेखा विभागाला सोयीचे असते, पण नोंदवलेला मोबाइल नवऱ्याकडे असला तर रक्कम जमा झाल्याचा संदेश आधी त्याला दिसतो. व्हाउचरवरही अभ्यासाचा क्रमांक टाकावा, आजाराचे नाव नको, कारण ते कागद लेखा विभागात अनेकांच्या हातांतून जातात.