बेचाळीस इंची आरसा: सहा-सात महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या पॅसेजमध्ये भिंतीवर लावलेला ४२ बाय १८ इंचांचा साधा, फ्रेम नसलेला आरसा. दुकानदार पाच फुटी घ्या म्हणून मागे लागला होता. "मॅडम, पॅसेज अरुंद आहे, मागे सरायला जागा नाही, छोट्यात पाय दिसणारच नाहीत." पाय दिसतात. आणि पॅसेजच्या रुंदीचा त्याच्याशी जवळजवळ संबंध नसतो.

आपण आरशापासून जितके पुढे, तितकीच आपली प्रतिमा आरशाच्या मागे. डोळ्यापासून प्रतिमेच्या डोक्याला एक रेघ आणि पावलांना एक रेघ काढली की मोठा त्रिकोण होतो, त्याचा पाया म्हणजे आपली पूर्ण उंची. आरसा या त्रिकोणाला पायाशी समांतर आणि बरोबर निम्म्या अंतरावर छेदतो. वर उरलेला छोटा त्रिकोण मोठ्याशी समरूप, म्हणून त्याचा पाया निम्मा. मागे सरलात तर दोन्ही अंतरं सारखीच वाढतात, निम्मं ते निम्मंच राहतं. दहावीच्या भूमितीतलंच आहे सगळं.

पण "उंचीच्या निम्मा आरसा" एवढ्यावर खरेदी करू नका, कारण तो हिशोब एकाच माणसाचा आणि तोही आरसा नेमक्या जागी असेल तरचा. वरची कड डोळे आणि टाळू यांच्या मधोमध हवी, खालची कड डोळ्यांच्या उंचीच्या निम्म्यावर. माझे मिस्टर १७६ सेंमी, डोळे १६५ वर. त्यांना आरसा ८२.५ पासून १७०.५ पर्यंत पुरतो, म्हणजे ८८ सेंमी. मी १५४, डोळे १४३ वर. मला ७१.५ ते १४८.५, फक्त ७७. दोघांना एकच आरसा हवा तर वरची कड त्यांची आणि खालची माझी धरायची: ९९ सेंमी.

त्यात मी पावलांसाठी भर घातली. वरचं गणित माणूस सपाट पाटीसारखा आहे असं धरतं, पण पायाची बोटं डोळ्यांच्या साधारण १० सेंमी पुढे असतात, आणि साडीच्या निऱ्यांचा काठ तिथेच पडतो. डोळे आरशापासून एक मीटरवर असतील तर बोटं ९० सेंमीवर. मग किरण आरशावर १४३ × ९० ÷ १९० म्हणजे ६७.७ सेंमीवर येतो, ७१.५ वर नाही. अंतराचा फरक पडतो तो एवढाच, आणि तो जवळ उभं राहिल्यावर जास्त. म्हणून खालची कड ६६ वर घेतली. ४२ इंच म्हणजे १०६.७ सेंमी, त्यामुळे वरची कड १७२.७ वर गेली. निऱ्या नीट बसल्या का हे बघायला मला आता वाकावं लागत नाही.

तक्रार आहे ती बसवण्याबद्दल. सुताराने मागे तार बांधून आरसा खिळ्याला अडकवून दिला. जवळून सगळं ठीक दिसायचं, पण समोरच्या बेडरूमच्या दारातून, तीनेक मीटरवरून पाहिलं की मिस्टरांचे केस गायब! "अगं, मी उंच झालोय का?" म्हणे. माझं डोकं मात्र शाबूत. हे आरसा तिरपा असल्याचं पक्कं लक्षण: सरळ आरशात मागे-पुढे झालं तरी वरच्या कडेला दिसणारी जागा बदलत नाही. पट्टी लावली तर वरची कड खालच्यापेक्षा २ सेंमी पुढे आलेली, म्हणजे साधारण एक अंश. आरसा एक अंश कलला की नजर दोन अंश वळते. एक मीटरवर ती साडेतीन सेंमीची चूक, वर सोडलेल्या फटीत ती खपून जायची. तीन मीटरवर तीच दहा सेंमीच्या वर जाते. खालच्या कडेमागे रबराचे तुकडे चिकटवले आणि केस परत आले. जमिनीवर ठेवून भिंतीला टेकवलेल्या आरशात उलटं होतं, नजर वर वळते. म्हणून तो इतका खाली असूनही थोडं मागे सरलं की चेहरा दिसतो.

काच चांगली आहे, चेहरा कुठे लांबट दिसत नाही. पावसाळ्यात खालच्या कडेला दोन काळे ठिपके आले. तिथे फरशी पुसतानाचं पाणी उडतं.

मुलगी आठ वर्षांची, १२२ सेंमी, डोळे १११ वर. खालची कड ६६ वर असल्याने तिला स्वतःचे पाय जमिनीपासून २१ सेंमीच्या वरचेच दिसतात, शाळेचे बूट दिसतच नाहीत. आरसा खाली सरकवला तर बाबांचं डोकं जाईल. तिला चौरंगावर उभं केलं की काम होतं: डोळे आणि पावलं दोन्ही ३० सेंमी वर जातात, तिला लागणारी खालची कड ५५.५ वरून ८५.५ वर येते आणि बूट लेसपर्यंत दिसतात.