विथ मटेरियल की लेबर जॉब? भोसरीच्या शॉपसाठी रोखीचा हिशोब

भोसरीत दोन सीएनसी टर्निंग मशीन असलेल्या शॉपसमोर एकाच पार्टच्या दोन ऑफर आहेत असं धरू. पहिली चाकणच्या कंपनीची, विथ मटेरियल: स्टील तुम्ही घ्यायचं, पार्ट करून द्यायचा, महिन्याचं बिल १२ लाख. दुसरी लेबर जॉबची: स्टीलचे बार कंपनी चलनावर पाठवणार, तुम्ही फक्त मशीनिंग करायचं, बिल ४ लाख ६० हजार. मशीन, माणसं आणि तास दोन्हीकडे तेच. पगार, वीज, टूल्स, भाडं मिळून खर्च ३ लाख ६० हजार. विथ मटेरियलमध्ये त्यावर ७ लाखांचं स्टील येतं. म्हणजे नफा पहिलीत १ लाख ४० हजार, दुसरीत १ लाख. सगळ्या रकमा जीएसटी सोडून आणि उदाहरणापुरत्या आहेत. तुमचे आकडे घालून पाहा, रीत तीच राहील.

चाळीस हजार जास्त मिळतायत म्हटल्यावर बहुतेक जण पहिली ऑफर घेतात. पण ते चाळीस हजार मिळवायला किती पैसे किती दिवस अडकतात, हे कोटेशनवर कुठेच लिहिलेलं नसतं.

हिशोब साधा आहे. माल तुमच्याकडे किती दिवस पडतो, त्यात बिल गेल्यापासून पैसे येईपर्यंतचे दिवस मिळवा आणि तुम्हाला मिळालेली उधारी वजा करा. चाकणच्या ऑफरमध्ये बार रॅकवर, मशीनवर आणि डिस्पॅचच्या वाटेवर मिळून ३० दिवस जातात. पीओवर ६० दिवस लिहिलेत, पण ते जीआरएनपासून, म्हणजे कंपनीनं माल मिळाल्याची नोंद केल्यापासून मोजतात, इन्स्पेक्शनला माल थांबतो आणि पेमेंट महिन्यातून ठरलेल्या तारखांनाच सुटतं. खरे ७५ धरा. स्टीलवाला २० दिवस थांबतो. ३० अधिक ७५ वजा २०, म्हणजे ८५ दिवस. नवीन ऑर्डर सुरू केली तर स्टीलचे पैसे विसाव्या दिवशी जातात आणि पहिले पैसे १०५ व्या दिवशी येतात.

आता रक्कम. महिन्याला ७ लाखांचं स्टील ८५ दिवस अडकलं की जवळजवळ २० लाख होतात. पगार-विजेचा खर्च मालात शेवटी शेवटी पडतो आणि पगारही महिन्याअखेर जातो, म्हणून तो साधारण ७० दिवस अडकतो, त्याचे ८ लाख ४० हजार. राहिला जीएसटी, आणि हाच हिशोबातून हमखास सुटतो. स्टीलवर भरलेला १ लाख २६ हजार कर ८५ दिवस बाहेर असतो. विक्रीवरचा उरलेला ९० हजार पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला रोख भरावा लागतो, ग्राहकाकडून आलेला असो वा नसो. या दोन्हींत मिळून पावणेपाच लाख जातात. एकूण ३३ लाख.

लेबर जॉबमध्ये स्टील तुमचं नाहीच. काम १० दिवसांत फिरतं, पैसे ४५ दिवसांनी येतात, पगार सरासरी १५ दिवस मागून जातो. म्हणजे फक्त ३ लाख ६० हजारांचा खर्च ४० दिवस अडकतो. जीएसटीचं थोडंफार धरून ५ लाख.

| | विथ मटेरियल | लेबर जॉब |
|---|---|---|
| महिन्याचा नफा, व्याजाआधी | १,४०,००० | १,००,००० |
| रोखीचं चक्र | ८५ दिवस | ४० दिवस |
| अडकलेली रक्कम | ३३ लाख | ५ लाख |
| ११ टक्क्यांनी महिन्याचं व्याज | ३०,००० | ४,५०० |
| व्याजानंतर | १,१०,००० | ९५,५०० |

फरक साडेचौदा हजारांवर आला, तोही ग्राहकानं ७५ दिवसांचा शब्द पाळला तर. तो १०५ दिवसांवर गेला, तर आणखी एका महिन्याचं स्टील, खर्च आणि कर मिळून पावणेतेरा लाख वाढतात. व्याज ४२ हजारांवर जातं आणि हातात ९८ हजार उरतात. लेबर जॉबपेक्षा अडीच हजार जास्त, आणि रिजेक्शनच्या एका डेबिट नोटमध्ये तेही जातील.

त्यात सीसी, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट लिमिटची अडचण वेगळी. बहुतेक बँका ९० दिवसांपुढची येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे लिमिटमधून प्रत्यक्ष उचलता येणाऱ्या रकमेत धरत नाहीत आणि उरलेल्यांवर साधारण २५ टक्के मार्जिन कापतात. म्हणजे वाढलेल्या तीस दिवसांपैकी पंधरा दिवसांच्याच बिलांवर पैसे मिळतात, तेही कापून. गरज वाढते तेव्हाच बँकेचा हात आखडतो. शॉप तोट्यात नसतानाही पगार थांबतो तो इथे.

चक्र लहान करायला स्टीलवाल्याला ताणावं, असं वाटेल. पण डीलरचा रोखीचा भाव आणि उधारीचा भाव वेगळा असतो. समजा रोखीत ७० रुपये किलो आणि महिनाभराच्या उधारीत ७१. तो एक रुपया म्हणजे वर्षाला सतरा टक्के, सीसीच्या ११ टक्क्यांपेक्षा महाग. अशी उधारी चक्राचे दिवस कमी दाखवते आणि नफा गुपचूप खाते. मी असेन तर सीसीत जागा असेपर्यंत रोखीनं घेईन.

कायदा मात्र तुमच्या बाजूनं आहे. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे, करार नसेल तर १५. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३ च्या दुरुस्तीनंतर वेळेत न दिलेल्या रकमेची आयकरातली वजावट कंपनीला पैसे दिल्यावरच मिळते. मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात ते यामुळे. पण पुढचं शेड्यूल ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे व्याज मागणारा व्हेंडर विरळाच, म्हणून कोटेशन ४५ दिवसांवर बेतू नका.

विथ मटेरियल खरंच परवडतं ते ग्राहक तुमची बिलं ट्रेड्स या बिल डिस्काउंटिंगच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर स्वीकारत असेल तर. तिथे दर ग्राहकाच्या पतीवर ठरतो आणि त्यानं पैसे बुडवले तरी फायनान्सर तुमच्याकडे वसुलीला येत नाही. बिल विसाव्या दिवशी सुटलं तर अडकलेली रक्कम ३३ वरून १० लाखांच्या आत येते. डिस्काउंटिंगचा खर्च लागतोच, त्यामुळे व्याजात फार वाचत नाही, पण लिमिट मोकळं राहतं. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. मात्र नोंदणी असणं वेगळं आणि तुमचं बिल स्वीकारणं वेगळं. जुन्या व्हेंडरला विचारा, परचेसवाल्याला नको.

ट्रेड्स नसेल आणि हाताशी स्वतःचे सात-आठ लाख मोकळे नसतील, तर माझं मत लेबर जॉबच्या बाजूनं आहे. त्यातही कटकटी आहेत. बार आणि चिप्सचा वजनी ताळा लागला नाही तर तूट तुमच्या नावावर पडते, आणि कंपनीचं मटेरियल उशिरा आलं की मशीन उभं राहतं. यासाठी मशीन उभं राहिल्याचा दर पीओत लिहून घ्या, मिळेल तेवढा.

आणि चाकणची ऑर्डर घ्यायचीच असेल, तर भाव देताना दिवसही विका. वरच्या आकड्यांत दर ३० दिवसांचा खर्च पावणेबारा हजार, म्हणजे बिलाच्या जवळपास एक टक्का. ४५ दिवसांना एक भाव, ७५ ला एक टक्का वर, १०५ ला दोन टक्के वर, असं एकाच कोटेशनवर लिहून द्या. परचेसवाला कोणती ओळ निवडतो त्यावरून पैसे कधी येणार याचा अंदाज येतो.