क्रिकेटसाठी तयार ‘स्पोर्ट्स’ मोड की हाताने लावलेला ‘स्टँडर्ड’?

सामना सुरू झाला की बहुतेक घरांत टीव्हीचा तयार ‘स्पोर्ट्स’ मोड निवडला जातो. त्याऐवजी ‘स्टँडर्ड’ मोड घेऊन तीन गोष्टी स्वतः लावल्या तर काय फरक पडतो, हे आम्ही इंदूरच्या घरी, १२० हर्ट्झच्या टीव्हीवर, रात्रीच्या सामन्यात दर षटकाला मोड पालटून पाहिले.

सर्वांत मोठा फरक चेंडूत दिसला. आमच्या सेट-टॉप बॉक्सच्या प्रक्षेपणातून टीव्ही सेकंदाला ५० चित्रे दाखवतो, आणि ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू दोन चित्रांच्या मधल्या काळात सुमारे ७८ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. आमच्या ‘स्पोर्ट्स’ मोडमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी सोय जोरात चालू होती. ही सोय मधली चित्रे स्वतः रचते. परंतु एवढ्याशा वस्तूची एवढी लांब उडी तिला नीट जुळवता येत नाही, त्यामुळे प्रेक्षकांच्या गर्दीवरून जाणारा चेंडू क्षणभर नाहीसा होतो किंवा एकाचे दोन दिसतात. बॅटच्या कडेला पाण्यासारखी थरथर उठते, ती काकांनी आधी ओळखली. ‘स्टँडर्ड’मध्ये याच सोयीतील धक्के घालवणारा De-Judder शून्यावर आणि धूसरपणा घालवणारा De-Blur दहापैकी तीनवर ठेवल्यावर चेंडू सलग दिसू लागला, De-Blur सहाच्या पुढे नेला, तेव्हा थरथर परतली. De-Judder मुख्यतः सेकंदाला २४ चित्रे असलेल्या चित्रपटांना उपयोगी पडतो, ५० चित्रांच्या सामन्याला त्याची फारशी गरज नसते.

नॉइज रिडक्शन लागोपाठची चित्रे एकमेकांत मिसळून दाणेदारपणा घालवते, आणि नेमके हेच वेगवान खेळात नडते : चेंडूमागे फिकट शेपूट राहते, सीमारेषेकडे कॅमेरा वळला की गवत हिरव्या कापडासारखे सपाट होते. ते आम्ही पूर्ण बंद केले. बंद करूनही गवत सपाटच राहिले, तर दोष टीव्हीचा नसून प्रक्षेपणातील दाबलेल्या चित्राचा आहे, असे समजावे. तो कोणत्याही सेटिंगने जात नाही.

रंगाच्या तापमानाबाबत मात्र ‘स्पोर्ट्स’ची बाजू अगदीच लंगडी नाही. त्यातला ‘कूल’ पर्याय चित्राला निळसर झाक देतो, आणि दुपारी दारे-खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत तो डोळ्यांना उजळ वाटतो. पण प्रसारणातील पांढरा रंग ६५०० केल्विनच्या जवळचा धरलेला असतो, म्हणून कसोटीतील पांढरे कपडे ‘वॉर्म’वर अधिक खरे दिसतात. पहिले दोन-तीन दिवस ते पिवळट वाटतील, तेवढे सोसावे.

दिवसाच्या सामन्यांपुरते खोलीतील उजेडासाठी ‘कूल’ ठेवणे मी मान्य करीन. हालचाल आणि नॉइज रिडक्शन यांत मात्र हाताने लावलेला ‘स्टँडर्ड’च निवडावा. अनेक टीव्हींत ही जुळणी प्रत्येक इनपुटसाठी वेगळी साठवली जाते, तेव्हा सेट-टॉप बॉक्सवर केलेली जुळणी ॲपवर सामना पाहताना पुन्हा तपासून घ्यावी.